दहात एक चूक : मोबाइल टॉवर प्रत्येक फोनचा वेग कसा ठरवतो

मोबाइलचा टॉवर आपल्या कक्षेतल्या सगळ्या फोनना एकाच वेगाने माहिती पाठवत नाही. टॉवरच्या समोर मोकळ्या मैदानात असलेल्या फोनला तो ज्या क्षणी दाटीवाटीने भरलेले बिट पाठवतो, त्याच क्षणी दोन इमारतींच्या आड असलेल्या फोनला तो तेवढ्याच लहरींतून मोजकेच बिट पाठवतो. हा निर्णय एकदाच होत नाही. फोरजीच्या एलटीई पद्धतीत वेळेचे एक मिलिसेकंदाचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात कोणत्या फोनला किती घट्ट बांधलेली माहिती द्यायची, हे टॉवरखालचे बेस स्टेशन नव्याने ठरवते. त्यासाठी फोन त्याला सतत आपल्या परिस्थितीचा अहवाल देत असतो. या अहवालावर किती विसंबायचे, हा या यंत्रणेतला सर्वांत अवघड प्रश्न आहे.

दोन पेच

रेडिओ लहरीवर माहिती चढवण्याच्या क्रियेला मॉड्युलेशन म्हणतात. लहरीची उंची आणि तिची कला, म्हणजे ती आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते, बदलून ठरावीक खुणा तयार करतात. चारच खुणा ठरवल्या तर एका खुणेतून दोन बिट जातात. या पद्धतीला क्यूपीएसके म्हणतात. सोळा खुणा असतील तर चार बिट आणि चौसष्ट खुणा असतील तर सहा बिट जातात. त्या पद्धती म्हणजे १६-क्वाम आणि ६४-क्वाम. मात्र पाठवण्याची शक्ती वाढत नाही, त्यामुळे खुणांची संख्या वाढली की त्या एकमेकींच्या जवळ येतात. वाटेत मिसळलेल्या गोंगाटाने खूण किंचित सरकली, तरी फोन तिला शेजारची खूण समजतो. क्यूपीएसकेमध्ये खुणा दूर दूर असल्यामुळे तेवढ्याच सरकण्याने काही बिघडत नाही.

दुसरा पेच कोडिंगचा. मूळ बिटांसोबत त्यांच्यापासूनच गणिताने काढलेले जादा बिट पाठवतात. काही बिट वाटेत बिघडले, तरी या जादा बिटांच्या आधारे फोन मूळ माहिती परत मिळवू शकतो. पाठवलेल्या एकूण बिटांत खऱ्या माहितीचे बिट किती, या प्रमाणाला कोडिंग दर म्हणतात. दर ०.९ असेल तर जवळजवळ सगळी माहितीच असते आणि संरक्षण नाममात्र उरते. दर ०.१ असेल तर नऊ भाग संरक्षण आणि एक भाग माहिती असते.

हे दोन पेच एकत्र फिरवून एलटीईमध्ये पंधरा पायऱ्या ठरवल्या आहेत. सर्वांत खालच्या पायरीवर क्यूपीएसके असते आणि कोडिंग दर ७८/१०२४ असतो. एका खुणेतून सरासरी जेमतेम ०.१५ बिट माहिती जाते. नवव्या पायरीवर १६-क्वाम असते, दर ६१६/१०२४ आणि माहिती २.४ बिट. पंधराव्या पायरीवर ६४-क्वाम असते, दर ९४८/१०२४ आणि माहिती ५.५५ बिट.

या आकड्यांचा व्यवहारातला अर्थ असा. समजा, एका फोनला एका मिलिसेकंदात सुमारे १,२०० खुणांइतकी जागा मिळाली. पंधराव्या पायरीवर त्या जागेतून साधारण ६,६६० बिट जातात, नवव्या पायरीवर २,८८० च्या आसपास आणि पहिल्या पायरीवर फक्त १८० च्या आसपास. जागा तीच, वेळ तोच, शक्ती तीच. तरी फरक छत्तीस पटींचा. म्हणून चुकीची पायरी निवडणे दोन्ही बाजूंनी महाग पडते. पायरी जास्त उंच निवडली तर तुकडा वाचताच येत नाही, आणि जास्त खालची निवडली तर जागा वाया जाते.

फोनचा अहवाल

टॉवरकडून येणारी लहर फोनपर्यंत कशी पोहोचते आहे, हे टॉवरला स्वतःला दिसत नाही. ते फोनलाच कळते. त्यासाठी बेस स्टेशन आपल्या प्रक्षेपणात ठरलेल्या जागी ठरलेल्या खुणा पेरून ठेवते. या संदर्भ खुणा मूळ कशा होत्या ते फोनला आधीच माहीत असते, त्यामुळे त्या किती बदलून आल्या यावरून तो वाटेचा अंदाज घेतो. शेजारच्या टॉवरची लुडबूड आणि स्वतःच्या यंत्रातला गोंगाट यांच्या तुलनेत आपल्याला हवा असलेला संकेत किती वरचढ आहे, हे तो मोजतो. हे गुणोत्तर डेसिबलमध्ये सांगतात. साधारणपणे ते उणे सहा-सातच्या जवळ असेल तर पहिली पायरी जेमतेम चालते आणि वीस-बावीसच्या जवळ असेल तर पंधरावी चालते. मधल्या पायऱ्यांमध्ये सुमारे दोन-दोन डेसिबलचे अंतर असते.

मात्र फोन हे गुणोत्तर टॉवरला कळवत नाही. तो पायरीचा क्रमांक कळवतो. या चार बिटांच्या अहवालाला सीक्यूआय म्हणतात. ० म्हणजे कोणतीच पायरी चालणार नाही आणि १ ते १५ म्हणजे त्या त्या पायऱ्या. क्रमांक कसा निवडायचा याची एकच अट मानकात आहे : ज्या सर्वांत उंच पायरीवर पाठवलेला तुकडा न वाचता येण्याची शक्यता दहा टक्क्यांहून जास्त नसेल, ती पायरी कळवायची. ती शोधण्यासाठी आत कोणते गणित करायचे, हे फोन बनवणाऱ्यावर सोडलेले आहे. त्यामुळे चांगला ग्राहक असलेला फोन त्याच जागी साध्या फोनपेक्षा उंच पायरी मागू शकतो, आणि ती त्याला खरोखर पेलतेही. दुसरीकडे, एखाद्या कंपनीच्या फोनचे गणित जरा आशावादी असू शकते, दुसऱ्याचे जरा भित्रे. टॉवरला दोघांचेही आकडे सारखेच दिसतात.

अहवाल दोन प्रकारे येतात. एक नियमित, म्हणजे दर ५, १०, २०, ४० अशा ठरवून दिलेल्या मिलिसेकंदांनी. दुसरा मागणीनुसार, म्हणजे टॉवरने विचारले की लगेच. नियमित अहवाल आटोपशीर असतो. मागणीनुसार येणाऱ्या अहवालात जास्त तपशील मावतो, उदाहरणार्थ संपूर्ण पट्ट्याचा एकच आकडा न देता पट्ट्याच्या प्रत्येक भागाचा वेगळा आकडा. रुंद पट्ट्याचा एक भाग एखाद्या फोनसाठी चांगला तर दुसरा वाईट असतो, कारण भिंतींवरून आपटून आलेल्या लहरी काही वारंवारतांवर एकमेकींना बळ देतात आणि काहींवर एकमेकींना मारतात. भागवार अहवाल असेल तर बेस स्टेशन प्रत्येक फोनला त्याच्या सोयीचा भाग देऊ शकते. पण अहवाल पाठवायलाही फोनची बॅटरी आणि टॉवरकडे जाणाऱ्या दिशेची जागा खर्च होते, म्हणून सगळ्यांकडून सगळे तपशील सतत मागवणे परवडत नाही.

उलट दिशेला, फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या माहितीसाठी, असा अहवाल लागत नाही. फोनच्या लहरी टॉवर स्वतःच ऐकत असल्यामुळे तो स्वतःच मोजमाप करतो आणि कोणती पायरी वापरायची हे फोनला सांगतो.

दहा टक्के चूक मुद्दाम का

दहा तुकड्यांपैकी एक वाचता येऊ नये, असे लक्ष्य ठेवणे पहिल्यांदा विचित्र वाटते. ते मुद्दाम ठेवलेले आहे, आणि त्याचे कारण साध्या हिशेबात सापडते.

समजा, नवव्या पायरीवर दहा टक्के तुकडे बिघडतात. एका खुणेतून २.४ बिट जाणार होते. दहावा हिस्सा वजा केला तर २.१६ उरतात. चूक जवळजवळ शून्यावर आणायची म्हणून एक पायरी खाली, आठवीवर उतरले, तर एकही तुकडा बिघडला नाही तरी हाती १.९१ बिटच येतात. म्हणजे निर्दोष राहण्याचा हट्ट अधिक तोट्याचा ठरतो. उलट लोभाने दहावी पायरी निवडली आणि समजा साठ टक्के तुकडे बिघडले, तर २.७३ मधले जेमतेम १.१ बिट हाती लागतात. संकेत एक-दोन डेसिबलने कमी पडला तरी बिघाडाचे प्रमाण नगण्यावरून जवळजवळ पूर्णावर जाते, त्यामुळे वरच्या बाजूचा उतार फार तीव्र असतो. नफ्याचे शिखर थोडी चूक सोसण्याच्या जागी येते.

शिवाय बिघडलेला तुकडा टाकून दिला जात नाही. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी २४ बिटांची एक पडताळणी जोडलेली असते, तिच्यावरून फोनला तुकडा नीट वाचला गेला की नाही हे कळते. मग चार मिलिसेकंदांनी तो टॉवरला होकार किंवा नकार कळवतो. नकार आला तर पहिल्या प्रक्षेपणानंतर साधारण आठ मिलिसेकंदांनी टॉवर तोच तुकडा पुन्हा पाठवतो, पण हुबेहूब तेच बिट पाठवत नाही. एलटीईच्या कोडिंगमध्ये माहितीच्या प्रत्येक बिटामागे एकूण तीन बिट तयार होतात आणि पहिल्या वेळी त्यांतले काहीच पाठवलेले असतात. नवव्या पायरीच्या उदाहरणात २,८८० बिटांपासून सुमारे ८,६०० बिट बनतात, तर १,२०० खुणांतून ४,८०० च जातात. दुसऱ्या वेळी मागे राहिलेल्यांपैकी बरेचसे पाठवता येतात. फोन बिघडलेला पहिला तुकडा जपून ठेवतो, दुसरा त्याला जोडतो आणि दोन्हींतून मिळून माहिती वाचतो. आता संरक्षण जवळपास दुप्पट झालेले असते, त्यामुळे दुसऱ्या वेळी सहसा काम होते. या पद्धतीला हार्क म्हणतात. हार्क असल्यामुळे दहा टक्के चुकीची किंमत मुख्यतः आठ मिलिसेकंदांचा उशीर एवढीच उरते. चलचित्र पाहणाऱ्याला तो उशीर जाणवतही नाही.

जिथे तो उशीर चालत नाही तिथे लक्ष्यही बदलते. फाइव्हजीच्या मानकात कारखान्यातल्या यंत्रांचे नियंत्रण अशा कामांसाठी पायऱ्यांचा एक वेगळा तक्ता आहे. तिथे दहा टक्क्यांऐवजी लाखात एक चूक हे लक्ष्य धरले जाते आणि त्यासाठी सगळ्या पायऱ्या बऱ्याच खाली सरकतात. म्हणजे तिथे वेग देऊन खात्री विकत घेतली जाते.

शिळा अहवाल

फोनचा अहवाल नेहमी भूतकाळाबद्दल असतो. मोजमाप झाल्यानंतर तो पाठवायला सुमारे चार मिलिसेकंद लागतात; टॉवरने तो वाचून, वाटप ठरवून तुकडा पाठवेपर्यंत आणखी तेवढाच वेळ जातो. म्हणजे ताज्यात ताजा अहवालही वापरला जाईपर्यंत साधारण आठ मिलिसेकंद जुना असतो. अहवाल दर ४० मिलिसेकंदांनीच येत असेल, तर त्याचे वय पन्नासच्या घरातही जाते.

हे वय जास्त की कमी, हे फोन किती वेगाने हलतो यावर ठरते. भारतात फोरजीसाठी वापरल्या जाणाऱ्या १,८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरीची लांबी सुमारे सोळा सेंटिमीटर असते. चहूबाजूंनी आपटून आलेल्या लहरींच्या बेरीज-वजाबाकीमुळे संकेत अर्ध्या लांबीच्या, म्हणजे आठेक सेंटिमीटरच्या, अंतरात जोरदार आणि क्षीण होऊ शकतो. सेकंदाला एक मीटर चालणारा माणूस आठ मिलिसेकंदांत आठ मिलिमीटर सरकतो. एवढ्याशा अंतरात परिस्थिती फारशी बदलत नाही आणि अहवाल उपयोगी राहतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी बस सेकंदाला वीस मीटर जाते. तेवढ्याच वेळात ती सोळा सेंटिमीटर पुढे गेलेली असते. अहवाल जिथला होता ती जागा मागे पडली आणि नवी जागा चांगली की वाईट, हे त्या अहवालावरून सांगता येत नाही. अशा वेळी टॉवर क्षणाक्षणाच्या चढउतारांचा पाठलाग सोडून सरासरीवर काम चालवतो. वेगाने धावणाऱ्या गाडीत तेवढ्याच चांगल्या संकेतावरही इंटरनेट मंद वाटते, त्याचे हे एक कारण आहे.

दुसरा घोळ शेजारच्या टॉवरमुळे होतो. फोनने मोजमाप केले त्या मिलिसेकंदाला शेजारचा टॉवर गप्प असेल, तर अहवाल उत्साही येतो. आठ मिलिसेकंदांनी शेजाऱ्याने आपल्या एखाद्या ग्राहकाला मोठी फाइल पाठवायला सुरुवात केली की लुडबूड वाढते आणि तुकडा बिघडतो. फोन जागचा हललेला नाही, मोजमापही चुकलेले नाही. तरी अहवाल खोटा ठरतो.

टॉवरची दुरुस्ती

फोनचे गणित आशावादी असू शकते, अहवाल शिळा असू शकतो, शेजारी लहरी असू शकतो. यांतले नेमके काय घडले हे टॉवरला कळायचा मार्ग नाही, आणि कळण्याची गरजही नाही. त्याच्याकडे दुसरा, अधिक विश्वासार्ह पुरावा येतच असतो : प्रत्येक तुकड्याचा होकार किंवा नकार. त्या पुराव्यावरून अहवालाला दुरुस्ती लावण्याच्या पद्धतीला अभियंते आउटर लूप म्हणतात. अशीच कल्पना त्याआधी सीडीएमए जाळ्यांत फोनची शक्ती नियंत्रित करण्यासाठी वापरात होती.

पद्धत अशी. प्रत्येक फोनसाठी टॉवर एक दुरुस्तीचा आकडा जवळ ठेवतो आणि अहवालावरून काढलेल्या डेसिबलमध्ये तो मिळवतो. होकार आला की आकडा ०.१ डेसिबलने वाढवायचा, नकार आला की ०.९ डेसिबलने कमी करायचा. नऊ होकारांची वाढ एका नकाराच्या घटीइतकी होते, म्हणून दहात एक नकार येऊ लागला की आकडा एका जागी स्थिरावतो. दहा टक्क्यांचे लक्ष्य या ९ : १ प्रमाणातच दडलेले आहे. चढ-उताराच्या पायऱ्या लहान किंवा मोठ्या ठेवता येतात, प्रमाण मात्र तेच ठेवावे लागते.

एक फोन घेऊन हे पाहता येते. तो नववी पायरी कळवतो, पण त्याला खरोखर आठवीच पेलते. म्हणजे त्याचा अंदाज सुमारे दोन डेसिबलने फुगलेला आहे. सुरुवातीला दुरुस्ती शून्य आहे. पहिला तुकडा नवव्या पायरीवर जातो आणि बिघडतो; दुरुस्ती उणे ०.९. दुसराही बिघडतो, उणे १.८. तिसरा कसाबसा पोहोचतो, उणे १.७. चौथा बिघडतो, उणे २.६. आता अहवालात नऊ असले तरी टॉवर हिशेबात आठवी पायरी धरतो. पुढचे तुकडे पोहोचू लागतात आणि दुरुस्ती एकेक दशांशाने वर सरकते. नऊ होकारांनी ती पुन्हा उणे १.७ वर येते, टॉवर जरा वरचे पाऊल टाकून पाहतो, एखादा तुकडा बिघडतो आणि दुरुस्ती परत उणे २.६ होते. पुढे हाच खेळ चालू राहतो. फोन शेवटपर्यंत नऊच कळवत राहतो आणि टॉवर शेवटपर्यंत त्याला साधारण आठच धरतो.

टॉवर जी पायरी अखेर निवडतो ती त्याने फोनला प्रत्येक तुकड्यासोबत स्वतंत्रपणे सांगायची असते. त्यासाठी पाच बिटांचा संकेत असतो. त्यात पहिल्या प्रक्षेपणासाठी २९ निवडी असतात, म्हणजे अहवालातल्या पंधरा पायऱ्यांपेक्षा बारीक वाटणी. अहवाल ही शिफारस आहे, निर्णय टॉवरचा.

या दुरुस्तीलाही मर्यादा आहे. ती शिकायला तुकडे लागतात. मोठे चलचित्र उतरवताना हजारो तुकडे जातात आणि आकडा लगेच जागेवर येतो. एक छोटासा संदेश मात्र दोन-चार तुकड्यांत संपतो. दुरुस्ती जागेवर येण्याआधीच संभाषण संपलेले असते. उतरणे पटकन होते, पण दोन डेसिबल वर चढायला वीस होकार लागतात. म्हणून एखाद्या क्षणिक अडथळ्यानंतर फोन गरजेपेक्षा खालच्या पायरीवर काही काळ अडकून राहतो.

बिघाड कसा ओळखायचा

जाळे सांभाळणारे अभियंते कक्षेतल्या अहवालांची वाटणी, प्रत्यक्ष निवडलेल्या पायऱ्या आणि पहिल्याच प्रयत्नात बिघडलेल्या तुकड्यांचे प्रमाण हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहतात. अहवाल चांगले आणि बिघाड वीस-तीस टक्के असेल, तर अहवाल शिळे आहेत किंवा शेजाऱ्याची लुडबूड चंचल आहे. बिघाड जवळजवळ शून्य आणि वेगही कमी असेल, तर टॉवर नको इतका भित्रा झाला आहे; लक्ष्य किंवा दुरुस्तीच्या पायऱ्या चुकीच्या लावलेल्या असतात. अहवालच खालचे असतील, तर पायरी निवडण्याच्या पद्धतीत दोष नाही. अँटेनाची दिशा, शेजाऱ्याची लुडबूड किंवा अंतर तपासावे लागते.

सामान्य वापरकर्त्यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्या बहुतेक वेळा संकेताची ताकद दाखवतात, पायरी दाखवत नाहीत. टॉवर जवळ असूनही शेजारच्या टॉवरचा गोंगाट तेवढाच मोठा असेल, तर दांड्या पूर्ण दिसतात आणि सीक्यूआय चार-पाचच्या आसपास राहतो. अशा ठिकाणी दांड्या मोजत बसण्यापेक्षा दोन-चार पावले सरकून किंवा खिडकीची बाजू बदलून पाहावे. शेजारच्या टॉवरची दिशा इमारतीने झाकली गेली की दांडी एकाने कमी होऊनही वेग वाढू शकतो.